लक्षाधीश, कोट्यधीश, अब्जाधीश

मराठीत श्रीमंतीच्या तीन पायऱ्या आहेत: लक्षाधीश, कोट्यधीश आणि अब्जाधीश. पहिल्यात 'क्षा', तिसऱ्यात 'ब्जा', आणि मधल्यात मात्र नुसता 'ट्य', काना नाही. हा काना बातम्यांत, निवडणुकीच्या मजकुरात आणि पुस्तकांच्या मलपृष्ठांवरही सर्रास चिकटवला जातो. 'कोट्याधीश उमेदवार' आणि 'कोट्यावधींचा घोटाळा' वाचून आता कोणी दचकतही नाही. दोन्ही बाजूंच्या शब्दांना काना आहे म्हणजे मधल्यालाही असणारच, असे डोळ्याला वाटते. 'धर्मांध' आणि 'जात्यंध' या जोडीचेही तेच होते. धर्मांध बरोबर, म्हणून माणूस 'जात्यांध' लिहून मोकळा होतो.

काना कुठे येतो आणि कुठे येत नाही हे पाठ करायची गरज नाही. संधीच्या नियमाने ते आपोआप ठरते. संधी म्हणजे सांधा. दोन शब्द जोडले जाताना पहिल्याचा शेवटचा आवाज आणि दुसऱ्याचा पहिला आवाज एकमेकांना भिडतात, आणि त्या ठिकाणी आवाज बदलतात. बाकीचा शब्द जसाच्या तसा राहतो. म्हणून शब्द कितीही लांबलचक असला तरी आपण पाहायचे फक्त सांध्यावरचे दोन आवाज.

ते पाहण्यासाठी अक्षर फोडावे लागते, आणि शाळेत बहुतेकांची गाडी अडते ती इथेच. 'देव' हा शब्द लिहिताना दोन अक्षरे, पण आवाज चार: द्, ए, व्, अ. म्हणजे 'देव'चा शेवट 'व'ने होत नाही, 'अ'ने होतो. कानाला हे पटत नाही, कारण मराठीत आपण 'देव्' असेच म्हणतो. शेवटचा अ आपण केव्हाच गिळला आहे. संधीचे नियम मात्र संस्कृताकडून आलेले, आणि संस्कृतात तो अ पूर्ण उच्चारला जातो. तेव्हा पहिले काम म्हणजे तोंडातून गळलेला अ कागदावर परत आणणे. वसंत, नगर, शहर, लक्ष, धर्म हे सगळे शब्द संधीच्या हिशेबात स्वरान्त आहेत.

उलट काही शब्दांच्या शेवटी खरोखरच स्वर नसतो. जगत्, सत्, तत्, महत्, विद्युत्, वाक्, दिक्, षट् हे मुळातच पाय मोडलेले. 'वसंत' आणि 'जगत' यांचा शेवट मराठी कानाला एकसारखाच ऐकू येतो, पण वसंतच्या शेवटी अ आहे आणि जगत्‌च्या शेवटी नुसता त्. म्हणून 'वसंतोत्सव' होतो आणि 'जगदीश' होतो. असे पायमोडके शब्द मराठीच्या रोजच्या वापरात मोजकेच आहेत. ते ओळखीचे झाले की पुढचा घोळ बराच टळतो.

आता कप्पे ठरवू. सांध्यावर दोन्ही बाजूंना स्वर असेल तर स्वरसंधी. दोघांपैकी एक जरी व्यंजन असले आणि सांध्यावर बदल झाला, तर व्यंजनसंधी. 'जगत् + ईश' मध्ये दुसरा शब्द स्वराने सुरू होतो म्हणून तिला स्वरसंधी म्हणणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात, पण पहिल्या बाजूला त् उभा आहे, म्हणून ती व्यंजनसंधीच. आणि 'महा + राष्ट्र' मध्ये काहीच बदलत नाही, दोन शब्द नुसते शेजारी बसतात, त्यामुळे महाराष्ट्रात संधी नाही. (या वाक्यावर विनोद करण्याचा मोह आवरतो.)

स्वरांपासून सुरुवात करू, कारण तिथे फार थोड्या हालचाली आहेत.

दोन सजातीय स्वर भेटले की दोघांचा मिळून एक दीर्घ स्वर होतो. अ किंवा आ यांच्यापुढे अ किंवा आ आला की आ: विद्या + अर्थी = विद्यार्थी, देव + आलय = देवालय. इ-ईची भेट झाली की ई, उ-ऊची झाली की ऊ. नियम सोपा असला तरी नावे लिहिताना तो हमखास विसरला जातो. रवि + इंद्र, दोन्ही ऱ्हस्व, तरी मिळून दीर्घ: रवींद्र. गिरि + ईश = गिरीश, सती + ईश = सतीश. 'रविंद्र', 'गिरिश', 'सतिश' या नावांच्या पाट्या गावोगाव दिसतात. नाव ज्याचे त्याचे, ते कसे लिहायचे हा त्याचा हक्क आहे, पण व्याकरणाला विचाराल तर तिथे वेलांटी दुसरीच. या गोंधळात भर पडते ती मराठीच्या एका खास सवयीची. मूळ शब्द रवि, कवि, गुरु असे ऱ्हस्वान्त आहेत, पण १९६२ साली मान्य झालेल्या लेखननियमांनुसार ते सुटे लिहिताना आपण रवी, कवी, गुरू असे दीर्घ लिहितो. समासात मात्र मूळ ऱ्हस्व परत येतो: कविराज, गुरुदक्षिणा. म्हणून 'गुरूपदेश' पाहिल्यावर पुष्कळांना तो 'गुरुदक्षिणा'सारखा ऱ्हस्व हवा असे वाटते. गुरुदक्षिणेत पुढे द् आहे, बदलायला काही नाही. गुरु + उपदेश मध्ये उ-ला उ भेटतो, म्हणून रू दीर्घ.

दुसरी हालचाल वेगवेगळ्या स्वरांची. पहिला अ किंवा आ आणि पुढे इ-ई आली तर दोघांचा ए, पुढे उ-ऊ आला तर ओ, आणि पुढे ऋ आला तर अर्. याला गुण म्हणतात. हे असे का होते, ते तोंडातच कळते. 'आ' म्हणताना जीभ खाली असते, 'ई' म्हणताना ती टाळूकडे चढते. दोन्ही आवाज घाईने एकापाठोपाठ काढायला लागलो की जीभ मधल्या उंचीवर थांबते, आणि त्या उंचीचा आवाज म्हणजे ए. अ आणि उ यांच्या मधला तसाच ओ.

गुणसंधी मराठीत किती सहज वावरते ते पाहायचे तर 'उत्सव' हा एकच शब्द घ्यावा. वसंतोत्सव, दीपोत्सव, नवरात्रोत्सव, शारदोत्सव, महोत्सव या सगळ्यांत पहिला शब्द अ किंवा आ-ने संपतो, पुढे उ येतो, आणि सांध्यावर ओ उभा राहतो. 'गणेशोत्सवा'त तर ही क्रिया दोनदा घडली आहे. आधी गण + ईश: अ आणि ई मिळून ए, म्हणजे गणेश. मग गणेश + उत्सव: अ आणि उ मिळून ओ. महर्षी आणि राजर्षी हे तिसऱ्या प्रकारचे, आ किंवा अ-पुढे ऋषीतला ऋ आल्याने अर् झालेले. अ-च्या पुढे ए-ऐ आले तर ऐ आणि ओ-औ आले तर औ होतो, तिला वृद्धी म्हणतात: सदा + एव = सदैव, मत + ऐक्य = मतैक्य, वन + औषधी = वनौषधी. हे शब्द थोडेच आहेत, आणि त्यांत सहसा कोणी चुकत नाही.

चुका होतात त्या तिसऱ्या हालचालीत, आणि कोटीचे कोडे तिथेच सुटते. पहिला स्वर इ-ई, उ-ऊ किंवा ऋ असेल आणि पुढे वेगळाच स्वर आला, तर दोघे एकत्र वितळत नाहीत. पहिला स्वर व्यंजन होतो: इ-चा य्, उ-चा व्, ऋ-चा र्. दुसऱ्या स्वराला धक्का लागत नाही. 'इ' आणि 'अ' न थांबता भराभर म्हणून पाहा, चौथ्या-पाचव्या वेळी तोंडातून 'य' निघू लागतो. 'उ' आणि 'अ' असेच म्हटले की 'व' निघतो. शाळेत याला यण् संधी असे भीतीदायक नाव दिले जाते. मराठी माणूस ही हालचाल रोज करतो, फक्त तिला संधी म्हणत नाही. काठीचे अनेकवचन काठ्या, नदीचे नद्या: ई-चा य् झाला. सासूचे सासवा, जाऊचे जावा: ऊ-चा व् झाला. व्याकरणाची पुस्तके हे वचनविचारात मांडतात, पण जिभेची करामत तीच आहे.

आता कोटि + अधीश टप्प्याटप्प्याने जोडू. कोटि फोडला: क्, ओ, ट्, इ. अधीश फोडला: अ, ध्, ई, श्, अ. सांध्यावर इ आणि अ. दोन्ही स्वर, म्हणून स्वरसंधी. सजातीय नाहीत, म्हणून दीर्घ नाही. पहिला अ-आ नाही, म्हणून गुणही नाही. पहिला इ आहे, तेव्हा त्याचा य् होणार आणि अधीशमधला अ तसाच राहणार. ट् + य् + अ = ट्य, आणि पुढे धीश. कोट्यधीश. काना यायला आ हवा, आणि इथे आ कुठेच नाही. लक्ष + अधीश मध्ये मात्र अ-ला अ भेटतो, दोघांचा आ होतो, म्हणून लक्षाधीश. लक्षावधी आणि कोट्यवधी, धर्मांध (धर्म + अंध) आणि जात्यंध (जाति + अंध) या जोड्यांचाही हिशेब हाच.

यातून एक हुकमी चाचणी हाती येते. 'य' किंवा 'व' च्या पुढे कोणता स्वर लिहायचा असा प्रश्न पडला की दुसरा शब्द सुटा उच्चारून पाहावा, आणि त्याचा पहिला स्वर आहे तसा ठेवावा. अति + आधुनिक = अत्याधुनिक, कारण आधुनिकमध्येच आ आहे. अति + अल्प = अत्यल्प, कारण अल्पमध्ये तो नाही. अति + अधिक म्हणजे अत्यधिक, 'अत्याधिक' नव्हे. प्रति + आरोप = प्रत्यारोप, प्रति + उत्तर = प्रत्युत्तर, प्रति + एक = प्रत्येक. उ-च्या बाजूने पाहिले तर सु + अल्प = स्वल्प, म्हणून स्वल्पविराम, आणि सु + आगत = स्वागत. ही यण् संधी उत्सवांतही शिरली आहे: जयंती + उत्सव = जयंत्युत्सव. मंडळांच्या पत्रिकांवर हा शब्द दिसतो, पण उच्चारायला जड म्हणून 'जयंती उत्सव' असा सुटा लिहिण्याकडे कल वाढला आहे, आणि माझ्या मते त्यात काही वावगे नाही.

चौथी हालचाल ए, ऐ, ओ, औ यांच्यापुढे स्वर आला की होते. ए-चा अय्, ऐ-चा आय्, ओ-चा अव्, औ-चा आव्: ने + अन = नयन, नै + अक = नायक, नौ + इक = नाविक. हे शब्द आपल्याकडे तयार होऊनच आले आहेत. नाविक लिहिताना नौ आठवावी लागत नाही, तेव्हा परीक्षा नसेल तर पुढे जावे.

पुढे जाण्यापूर्वी सरकारी कचेरीतल्या पाट्यांकडे एक नजर टाकू, कारण स्वरसंधी अजून जिवंत आहे याचा पुरावा तिथे लटकतो. 'जिल्हा' हा शब्द अरबीतून आला, 'अधिकारी' संस्कृतातून, पण आ आणि अ भेटल्याबरोबर 'जिल्हाधिकारी' झाला. फारसी 'शहर' आणि संस्कृत 'अध्यक्ष' मिळून 'शहराध्यक्ष', तसाच 'तालुकाध्यक्ष'. कोणत्याही पंडिताने हे शब्द पाणिनीला विचारून केलेले नाहीत. मात्र त्याच कचेरीत 'उपायुक्त' या पाटीशेजारी 'सहआयुक्त' ही पाटी असते. उप + आयुक्त जोडला, सह + आयुक्त तसाच ठेवला. 'उपाध्यक्ष' सगळीकडे, पण अभियंता मात्र 'उपअभियंता'. नियम मोडला असे याला म्हणता येत नाही. संस्कृतात एकाच समासाच्या आत संधी टाळता येत नाही, मराठीत ती वापराने ठरते. जिथे जोडल्यावर मूळ पद चटकन ओळखू येणार नाही, तिथे मराठी माणूस सांधा उघडा ठेवतो. आजच्या मराठीत नवे शब्द घडवताना दीर्घ आणि गुण या दोनच हालचाली मोकळेपणाने होताना मला दिसतात.

व्यंजनांची तऱ्हा वेगळी, आणि तिकडे जाण्याचा दरवाजा पुन्हा श्रीमंतांकडेच आहे. अब्ज + अधीश मध्ये अ-ला अ भेटून आ झाला, ही स्वरसंधी. पण 'अब्ज' हा शब्दच अप् + ज असा बनला आहे. अप् म्हणजे पाणी, त्यात जन्मलेले ते अब्ज, म्हणजे कमळ. पुढे तेच एका मोठ्या संख्येचे नाव झाले. अप् मधला प् ज-शेजारी आल्यावर ब् झाला. का झाला?

गळ्यावर दोन बोटे ठेवून आधी 'स्स्स' आणि मग 'झ्झ्झ' म्हणा. स-ला गळा शांत राहतो, झ-ला थरथरतो. क, च, ट, त, प हे गळा शांत ठेवणारे, म्हणजे कठोर. ग, ज, ड, द, ब हे थरथरवणारे, म्हणजे मृदू. य, र, ल, व, ह आणि सगळे स्वरही थरथरवतात. कठोर व्यंजनाच्या लगेच पुढे मृदू आवाज आला की गळा आधीच थरथरू लागतो, आणि कठोर व्यंजन आपल्याच वर्गातले तिसरे होते: क्-चा ग्, ट्-चा ड्, त्-चा द्, प्-चा ब्. वाक् + ईश = वागीश, दिक् + अंबर = दिगंबर, षट् + रिपु = षड्रिपू. पुढे न किंवा म आला तर हवा नाकाकडे वळते, आणि तेच व्यंजन वर्गातले पाचवे होते: वाक् + मय = वाङ्मय, षट् + मास = षण्मास. वाङ्मयातला ङ कुठून आला हे कोडे इथे उलगडते. क-च्या वर्गातले नाकातले व्यंजन ङ, म्हणून तो. 'वांग्मय' लिहिणाऱ्याने नाक आणि ग् दोन्ही ठेवले, खरे तर दोघांची मिळून एकच जागा आहे.

त् हा सगळ्यांत चंचल. तो पुढच्या आवाजाची जागासुद्धा घेतो. एकटा 'जगत्' कसा वेष बदलतो ते पाहा. पुढे कठोर प आला: जगत्पिता, काही बदल नाही. पुढे स्वर किंवा मृदू व्यंजन: जगदीश, जगद्गुरू. पुढे न: जगन्नाथ. पुढे ज: जगज्जेता. त् दातांवरून उठून टाळूवर गेला आणि ज-सारखा ज् झाला. ल-पुढे तो ल् होतो, म्हणून विद्युत् + लता = विद्युल्लता आणि तत् + लीन = तल्लीन. च-पुढे च्, म्हणून सत् + चरित्र = सच्चरित्र. श आला तर दोघेही बदलतात, त्-चा च् आणि श-चा छ: सत् + शील = सच्छील. ह आला तर त्-चा द् आणि ह-चा ध: उत् + हार = उद्धार.

शुद्धलेखनाच्या बऱ्याच ठेचा या त्-पाशीच लागतात, आणि त्याचे कारण 'उत्' हा उपसर्ग. तो कधी सुटा भेटत नाही, त्यामुळे शब्दात तो दडलेला आहे हेच ध्यानात येत नाही. 'उज्ज्वल' घ्या. उत् + ज्वल. सांध्याभोवतीची व्यंजने मोजा: त्, ज्, व्, अशी तीन. त्-चा ज् झाला, म्हणजे बदली झाली, कोणी गळाले नाही. जोडल्यावरही तीनच हवीत: ज्, ज्, व्. 'उज्वल' लिहिले की दोनच उरतात, म्हणजे एक हरवला. ही मोजणी फार कामाची आहे. स्वरसंधीत दोघांचा बहुधा एक होतो, व्यंजनसंधीत बहुधा जितके होते तितकेच राहतात.

तीच मोजणी इतरत्र लावून पाहू. उत् + ध्वस्त: त्, ध्, व् हे तीन, म्हणून द्, ध्, व् हे तीन, म्हणजे 'उद्ध्वस्त', 'उध्वस्त' नव्हे. उत् + श्वास: त्, श्, व्, म्हणून 'उच्छ्वास'. तत् + ज्ञ: ज्ञ हेच मुळात ज् आणि ञ् यांचे जोडाक्षर, तेव्हा त्, ज्, ञ् असे तीन, आणि शब्द 'तज्ज्ञ'. महत् + त्व मध्ये तर आवाज बदलतच नाही, नुसती जोडणी होते, पण त् दोन आहेत, म्हणून 'महत्त्व'. तत्त्व, सत्त्व आणि व्यक्तिमत्त्व हे त्याचेच भाऊबंद. मग 'नेतृत्व' आणि 'प्रभुत्व' यांत एकच त् का? कारण नेतृ आणि प्रभु स्वरान्त आहेत, त्यांच्याकडे स्वतःचा त् नाही. ज्याच्याकडे आहे त्याचे दोन, ज्याच्याकडे नाही त्याचा एक.

'पद्धत' हा शब्द पद् + हति असा आहे: द् तसाच, ह-चा ध. तेव्हा आधी द्, मग ध. 'पध्दत' आणि 'शुध्द' असे उलटे लिहिलेले फार दिसते. जोडाक्षरात पायमोडका अर्धा आवाज आधी उच्चारला जातो, आणि 'ध्द' असा क्रम उच्चारून पाहिला तर जीभच नकार देते.

मोजणीला अपवाद आहेत, ते दोन लक्षात ठेवावेत. उत् + स्थान मध्ये स गळतो आणि 'उत्थान' होते. उलट, ऱ्हस्व स्वरापुढे छ आला तर मध्ये एक च् जादा येतो: रंग + छटा = रंगच्छटा, परि + छेद = परिच्छेद. या दुसऱ्या प्रकारात पहिला शब्द स्वरान्त असूनही ती व्यंजनसंधी ठरते, कारण बदल छ-मुळे झाला. 'सम्' या उपसर्गाचे वागणे साधे आहे. पुढे स्वर आला की म् त्याला चिकटतो, सम् + आचार = समाचार, आणि व्यंजन आले की त्याचा अनुस्वार होतो, सम् + ताप = संताप. हिंदीतला 'सम्मान' सम् + मान आहे, तर आपला 'सन्मान' सत् + मान. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, पण मराठी मजकुरात 'सम्मान' आला की तो शेजारच्या भाषेतून उचललेला आहे हे ओळखू येते.

विसर्गाची संधी (मनः + रथ = मनोरथ, दुः + जन = दुर्जन) इथे मुद्दाम सोडली आहे. विसर्ग हा मुळात स् किंवा र् यांचाच अवशेष, म्हणून तो खरे तर व्यंजनांच्या घराण्यातला, पण मराठी पाठ्यपुस्तके त्याला वेगळा कप्पा देतात आणि त्याचा पसाराही तेवढा आहे.

स्वरसंधीसारखी व्यंजनसंधी मात्र आज नवे शब्द घडवताना दिसत नाही. 'विद्युल्लता' जुना शब्द, तो जोडूनच मिळाला. पण स्मशानात यंत्र बसले तेव्हा नियमाने 'विद्युद्दाहिनी' व्हायला हवे होते, लोकांनी 'विद्युतदाहिनी' केली. 'संसद भवन'ही सुटेच राहिले. मराठी माणूस 'विद्युत' आणि 'जगत' यांना आता पायमोडके मानतच नाही, त्यामुळे त्-ला बदलायचे कारणच उरत नाही. म्हणूनच व्यंजनसंधीचा उपयोग नवे शब्द करण्यापेक्षा जुने शब्द नीट लिहिण्यासाठी अधिक होतो.

याचा अर्थ मराठीला स्वतःची संधी नाही असा नव्हे. संस्कृतात एक + एक = एकैक. मराठीने तो तसा घेतला नाही, पहिला अ टाकून दिला आणि 'एकेक' केले. हर + एक = हरेक, घाम + ओळे = घामोळे, घर + ई = घरी हे तसेच: दुसरा स्वर राहिला, पहिला गेला. व्याकरणकार याला पररूप म्हणतात. उलट नदी + आत = नदीत, खिडकी + आत = खिडकीत यांत पहिला राहतो आणि दुसरा जातो, ते पूर्वरूप. संस्कृत नियम लावला असता तर खिडकीचे 'खिडक्यात' झाले असते, आणि ते अनेकवचनाच्या 'खिडक्यांत'शी जाऊन भिडले असते. नाटकाच्या 'मध्यंतरा'तही हाच पररूपाचा हात दिसतो. मध्य + अंतर, अ-ला अ, म्हणजे शास्त्राने 'मध्यांतर' हवे. ते लिहिणारेही आहेत, पण चहाला उठणारा प्रेक्षक मध्यंतरातच उठतो.

आणि बोलण्यात तर मराठीने पाचवीच हालचाल काढली आहे. 'गेला आहे' याचा 'गेलाय', 'करतो आहे' याचा 'करतोय', 'येते आहे' याचा 'येतेय'. गेला + आहे यांत आ-ला आ भेटतो, दीर्घाच्या नियमाने 'गेलाहे' व्हायला हवे होते. तसे न होता ह गेला, आ गेला, आणि उरलेल्या ए-चा य् होऊन तो क्रियापदाच्या शेपटाला लागला. 'नाही आहे' मध्ये ए टिकून राहिला आणि 'नाहीये' झाले.